छायाचित्रातील खोली

वाराणसीच्या शिंदे घाटालगतच्या एका बैठकीचे छायाचित्र पाहून पुण्याच्या कोणा गृहस्थाला तशीच खोली सजवावयाची आहे, असे समजावे. त्यासाठी चित्रातील वस्तूंची मोलासह यादी हवी.

आरंभ मापापासून करावा. फरशी फूटभराची धरली, तर गालिचा चार बाय सहा फूट आणि पितळी घागर फूटभर उंच ठरते. घागर जवळच्याच ठठेरी बाजारात मिळेल. परंतु पितळ विकतात वजनावर, किलोस सुमारे ८०० ते १००० रुपयांनी, आणि पत्र्याची जाडी चित्रात दिसत नाही. म्हणून ‘दोन ते चार हजार’ एवढेच लिहावे.

खरी फसगत गालिच्यात. मध्ये पदक, भोवती वेली, म्हणजे शैली इराणी. असा माल भदोहीस होतो. हाताने गाठी मारलेला असेल तर वीस-पंचवीस हजार. कापडात लोकर खोचून डिंकाने चिकटवलेला, ज्यास टफ्टेड म्हणतात, तो पाच-सहा हजारांत येतो. समोरून दोन्ही सारखेच! गाठींच्या गालिच्याची झालर ताण्याच्याच धाग्यांची असते, दुसऱ्याची मागाहून शिवलेली. येथे झालर नेमकी दिवाणाखाली गेली आहे. तेव्हा यादीत दोन्ही किमती द्याव्यात आणि कोपरा उलटून पाठीचे चित्र मागवावे. पाठीवर नक्षी उमटलेली दिसली तर गाठी. कोरे कापड दिसले तर टफ्टेड.