लवंग पाण्यात टाकून बघा



आमच्या गटाचा काळा मसाला हमरस्त्यावरच्या एका खानावळीत जातो. महिन्याला नऊ किलो. मागच्या वर्षी दिवाळीनंतर खानावळीच्या मालकांनी अर्धा डबा परत पाठवला आणि फोनवर म्हणाले, "ताई, पहिल्या आठवड्यात रस्सा घमघमतो. शेवटच्या आठवड्यात गिऱ्हाईक विचारतं, आज मसाला नाही का टाकला? तुम्ही यात काही मिसळता का?"

आम्ही अकरा जणी. शेवटचा प्रश्न सगळ्यांनाच लागला. मिसळलं तर काहीच नव्हतं. मग वास गेला कुठे? आम्ही भांडत बसलो नाही. खरेदीपासून त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत मसाल्याची वाट शोधत गेलो. वास तीन ठिकाणी गळत होता.

पहिलं ठिकाण खरेदीचं. त्या महिन्यात आम्ही नेहमीचं दुकान सोडून दुसरीकडून लवंग घेतली होती. किलोमागे दीडशे रुपये स्वस्त म्हणून. उरलेली लवंग हातावर घेतली तर काळपट, सुरकुतलेली, वजनाला हलकी. नख दाबलं तर तेलाचा ओलसरपणा नाही. मग ग्लासभर पाण्यात दहा लवंगा टाकल्या. चांगली भरलेली लवंग तळाला जाते, नाहीतर पाण्यात बोंड वर करून उभी राहते. आमच्या दहापैकी सात पाण्यावर आडव्या तरंगत राहिल्या. लवंगेचं तेल काढून घेतात आणि तीच लवंग वाळवून पुन्हा बाजारात येते. दिसायला लवंगच, पण आत काही नाही. फार जुनी लवंगही अशीच तरंगते. दोन्ही आपल्या कामाच्या नाहीत.

आता हिशेब ऐका. नऊ किलो मसाल्याला लवंग लागते 180 ग्रॅम. म्हणजे स्वस्त लवंगेने आमचे महिन्याला 27 रुपये वाचले. तेवढ्यासाठी ऑर्डर जाणार होती.

मिऱ्यांचंही तसंच. त्यात पपईच्या वाळलेल्या बिया मिसळतात. पाण्यात टाकल्या की बिया वर येतात, भरलेले मिरे खाली बसतात. पोकळ मिरेही वर येतात, म्हणून वर आलेला दाणा फोडून बघायचा. मिरे आतून पांढरट असतात आणि जिभेला झोंबतात. पपईच्या बीला मिऱ्याचा तो वास नसतो. जिरे तळहातावर चोळायचे. हात काळा झाला तर जिऱ्यासारखं दिसणारं गवताचं बी कोळशाने रंगवलेलं असू शकतं. खडा मसाला घ्यायचा तो यासाठीच. अख्ख्या दाण्याची परीक्षा आपल्याला घरी करता येते. पूड झाली की त्यात कोंडा आहे की भुसा, हे डोळ्यांना कळत नाही.

पण घरच्या परीक्षेला सगळंच सापडत नाही. हळकुंडावर चढवलेला रंग कसला आहे, हे प्रयोगशाळेतच कळतं. म्हणून आम्ही आता पक्की पावती घेतो आणि प्रत्येक खरेदीतला मूठभर माल तारीख लिहून बाजूला ठेवतो. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हातात काहीतरी असतं.

दुसरं ठिकाण गिरणीचं. आम्ही महिन्याचा सगळा मसाला एकदम भाजायचो आणि एका दमात दळून आणायचो. शेवटचे दोन-तीन किलो गिरणीतून येताना हाताला चटका बसायचा. आम्हाला वाटायचं, गरम आहे म्हणजे ताजा आहे. मसाल्याचा वास म्हणजे त्यातलं तेल, आणि ते उष्णतेने उडून जातं. दळताना गिरणीभर सुगंध सुटला की आपल्याला बरं वाटतं. पण तो सुगंध डब्यात जायला हवा होता.

आता आम्ही असं करतो. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मंद आचेवर. धने आणि लवंग एकत्र टाकले तर धने भाजेपर्यंत लवंग करपते. भाजलेलं सुती कापडावर पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं. सकाळी गिरणी गार असताना पहिला नंबर लावायचा. आधी मूठभर धने दळून घ्यायचे, म्हणजे आदल्या माणसाचं पीठ निघून जातं. ती मूठ मसाल्यात घालायची नाही. मग एकेक किलो दळायचं आणि मध्ये गिरणीला थोडी विश्रांती द्यायची. गावात डंक असेल तर फारच छान. डंकावर मसाला कुटला जातो, त्यामुळे तो गिरणीइतका तापत नाही. दळून आणलेला मसाला परातीत पसरून, वर कापड टाकून गार करायचा आणि गार होताच डब्यात भरायचा. गरम भरला तर आत वाफ धरते, गुठळ्या होतात आणि बुरशी येते.

खोबरं आम्ही यात दळत नाही. ते लवकर खवट होतं आणि सगळा मसाला बिघडवतं. खानावळवाले खोबरं वाटणात ताजं घालतात.

तिसरं ठिकाण सापडलं खानावळीच्या स्वयंपाकघरात. डबा भट्टीच्या वरच्या फळीवर होता. झाकण दिवसभर उघडं, आणि आचारी उकळत्या रश्शावर डबा धरून त्याच ओल्या चमच्याने मसाला घालत होता. मी मालकांना म्हणाले, "भाऊ, लवंगेची चूक आमची आहे, ती आम्ही सुधारली. आता पंधरा दिवस माझं एक ऐका." एकाच घाण्याचे दोन डबे दिले. एक फळीवर राहिला, तिथूनच वापरला. दुसरा घट्ट झाकण लावून कोठीत, अंधारात ठेवला. पंधरा दिवसांनी दोन्हींतला एकेक चमचा मसाला अर्धा-अर्धा कप गरम पाण्यात घातला, पाच मिनिटं झाकला आणि मालकांना वास घ्यायला सांगितलं. डबा कोणता ते सांगितलं नव्हतं. त्यांनी एका वासात कोठीतला ओळखला. फळीवरच्या डब्यात गुठळ्याही झाल्या होत्या.

तेव्हापासून पद्धत बदलली. खानावळीला रोज साधारण 300 ग्रॅम मसाला लागतो, म्हणून दर दहा दिवसांनी तीन किलो देतो. साफ करण्यात, भाजण्यात आणि दळण्यात घट येते. त्यासाठी आम्ही खडा माल तीन किलो 300 ग्रॅम घेतो. अर्ध्या किलोचे सहा स्टीलचे डबे, प्रत्येकावर दळल्याची तारीख. आधीची तारीख आधी वापरायची आणि एका वेळी एकच डबा उघडायचा. मसाला कोरड्या वाटीत काढून घ्यायचा, डबा भट्टीजवळ न्यायचाच नाही. बाकीचा खडा माल आमच्याकडे कोरड्या जागी राहतो, कारण अख्ख्या दाण्यात वास पुडीपेक्षा कितीतरी जास्त टिकतो.

गिरणीच्या फेऱ्या एकीच्या तीन झाल्या, हे खरं. रिक्षाभाडं वाढलं, ते आम्ही मसाल्याच्या भावात धरलं आणि मालकांनी ते मान्य केलं. परत आलेला अर्धा डबा आम्ही दुसऱ्या कोणाला विकला नाही. तो अजून गटाच्या कपाटात आहे. नवीन ठिकाणाहून माल आला की आमची खजिनदार आधी त्या डब्याचा वास घेते, मग पाण्याचा ग्लास पुढे करते आणि म्हणते, "टाका दहा लवंगा."