मध्येच बोलणारी ताई

वळवाची पहिली दमदार सर झाली की बारामती-इंदापूरच्या उसाच्या पट्ट्यात संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर येतात. ते पकडायला मिळतात थोडेच दिवस. मादी जमिनीत जाऊन अंडी घालून बसली की मग अळी उसाच्या मुळ्या खाते आणि पीक पिवळं पडेपर्यंत कळतही नाही. म्हणून त्या दिवसांत रेडिओवरून ही गोष्ट घरोघर पोचायला हवी. दोन निवेदकांच्या गप्पांतून ती कशी पोचवायची, त्या गप्पा कागदावर कशा लिहायच्या, याबद्दल आज बोलतो.

बारामतीत विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी ९०.४ वर लागते आणि कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी ९०.८ वर. सामुदायिक रेडिओच्या प्रक्षेपणाला परवान्यातच मर्यादा असते. दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत आवाज नीट जातो. इंदापूर शहर बारामतीपासून पन्नासेक किलोमीटरवर, म्हणजे ते या टप्प्यात येत नाही. टप्प्याच्या कडेला असलेल्या गावात आवाज मध्येच तुटतो. शिवाय ऐकणारा हातातलं काम करत ऐकत असतो. त्यामुळे महत्त्वाची गोष्ट दोनदा कानावर पडलीच पाहिजे. एकट्या माणसाने तेच वाक्य दोनदा म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं की हा आपल्याला शिकवायला बसलाय. दुसऱ्या आवाजाने विचारलं, तर तीच गोष्ट सहज दुसऱ्यांदा येते. दोन आवाज घ्यायचे ते एवढ्याचसाठी. नुसती गंमत आणायची असेल, तर एकच आवाज बरा.

लिहायला बसण्याआधी कोणाला काय ठाऊक आहे ते ठरवायचं. आमच्या संहितेत दादाला किडीची माहिती आहे आणि ताई स्वतः शेती करते. तिला धारा ठाऊक आहेत, मजूर ठाऊक आहेत, बांधावरची झाडं ठाऊक आहेत. ताईला अडाणी करून ठेवलं की संहिता तिथेच मेली. तिला किडीचं शास्त्र येत नसेल, पण संध्याकाळी शेतात जायचं म्हणजे काय, हे दादापेक्षा तिला जास्त कळतं. आता हा तुकडा ऐका.

दादा : पहिला वळीव झाला, जमीन भिजली, की दिवेलागणीला हे भुंगेरे वर येतात आणि बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर जाऊन —
ताई : थांबा दादा. दिवेलागणीला म्हणजे आमच्या धारांच्या वेळेला?
दादा : हो. सात-साडेसात.
ताई : सात-साडेसात! त्या वेळी गोठा सोडून कोण जाईल?
दादा : सोडू नका. भुंगेरे पाला खात झाडावरच असतात. धारा आटपा आणि मग बॅटरी घेऊन जा. फांद्या जोरात हलवायच्या, खाली पडलेले गोळा करायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे.
ताई : आमच्या बांधावर कडुनिंबही नाही न् बाभळही नाही. मग आम्हाला काळजी नाही म्हणा.
दादा : आहे ना! पाला खातील शेजारच्या बांधावर आणि अंडी घालायला येतील तुमच्या उसात. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते.
ताई : म्हणजे शेजाऱ्याच्या झाडाखाली आम्हीपण जायचं.
दादा : सगळ्या शिवाराने एकाच संध्याकाळी जायचं.

ताईने मध्येच तोडलं ते नेमक्या त्या जागी, जिथे घरात बसलेली बाई मनात म्हणाली असती, ‘या वेळी कसं जमणार?’ तोडायची जागा तीच. ‘सात-साडेसात’ दोनदा आलं आणि कोणाला खटकलं नाही. कडुनिंबाचा प्रश्न आला नसता, तर ‘सगळ्यांनी मिळून पकडा’ हे वाक्य दादाला कोरडा उपदेश म्हणून टाकावं लागलं असतं. आता ताईच्याच बोलण्यातून ते ओघाने आलं.

असे प्रश्न खोलीत बसून सुचत नाहीत, ते गावातून आणावे लागतात. १९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्को यांनी पुणे केंद्रावरून शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवत. त्या प्रश्नांची उत्तरं पुढे कार्यक्रमातून मिळत. आजही लिहिण्याआधी दोन-चार बांधांवर जाऊन हुमणीबद्दल बोलावं आणि लोक आपल्याला कुठे अडवतात ते टिपून आणावं. ताईची वाक्यं तिथेच सापडतात.

आता वाचनाकडे येऊ. दादाचं वाक्य ‘जाऊन’पाशी तुटतं. पण दादाच्या प्रतीत ते पुरं लिहायचं, ‘जाऊन पाला खातात’ असं. अर्धंच लिहिलं, तर वाचणारा तुटण्याआधीच आवाज खाली आणतो आणि पुढे कोणीतरी बोलणार हे ऐकणाऱ्याला आधीच कळतं. ताईने ‘बाभळीवर’ हा शब्द आला की श्वास घ्यायचा. वाक्य तुटल्यावर श्वास घेतला, तर मधे बारीकशी फट पडते. ध्वनिमुद्रण ऐकताना ही फट लगेच पकडता येते आणि दोघं कागद वाचतायत हे उघड होतं. दोन आवाज एकमेकांवर चढायचे, ते एक-दोन शब्दांपुरतेच. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर त्याहून जास्त झालं की दोघांचंही काही कळत नाही. दुसरा बोलत असताना ‘हं, हं, बरोबर’ करत राहायची सवयही मोडावी लागते. समोरासमोर बसून बोलताना ती बरी वाटते, पण रेडिओवर खडखडाटासारखी ऐकू येते.

संहिता जमली की नाही हे बघायचं असेल, तर ‘दादा’, ‘ताई’ ही नावं पट्टीने झाका आणि वाचा. कोण बोलतंय ते ओळखता आलं नाही, तर तुम्ही एकाच माणसाचं भाषण दोघांत वाटलंय.

राहिलं सूत्र पुढे देणं. ‘चला तर मग, आता वळू या पुढच्या भागाकडे’ म्हटलं की ऐकणारा रेडिओपासून उठतो. त्यापेक्षा ताईने दादाला न येणारा प्रश्न विचारावा.

ताई : आणि ज्याचा ऊस आत्ताच पिवळा पडलाय, ओढला की बेट हातात येतंय, त्याने काय करायचं?
दादा : तिथे भुंगेरे पकडून भागणार नाही. मुळाशी पांढरी, तपकिरी डोक्याची, अर्धगोल वळलेली अळी दिसते का ते आधी खणून बघा. दिसली तर औषध कोणतं, ते मी सांगणं बरोबर नाही. कृषी विज्ञान केंद्रातले कीटकशास्त्रज्ञ आपल्यासोबत आहेत. साहेब, तुम्हीच सांगा.

इथून पुढे गप्पा बंद. औषधाचं नाव, एकरी मात्रा, पाण्याचं प्रमाण हे तज्ज्ञ सांगत असताना कोणीही मध्ये बोलायचं नाही, हसायचं नाही. त्यांचं पुरं झालं की ताईने तेच आकडे सावकाश, एकेक करून परत म्हणायचे आणि तज्ज्ञांचं ‘बरोबर’ हवेवर ऐकू येईपर्यंत थांबायचं. एखादा आकडा चुकीचा ऐकला, तर तो उसात जातो. म्हणून आठ मिनिटांच्या भागातली शेवटची दोन मिनिटं आम्ही यासाठी राखून ठेवतो. वेळ कमी पडलाच, तर वरच्या गप्पांतलं काहीतरी कापतो.