आजोबांच्या गीतारहस्यातला एक श्लोक

आजची गोष्ट आतेमामे भावंडांची. बंड्या नोकरीला, ताई संस्कृतात एमए करतेय. समोर आजोबांचं गीतारहस्य, पानं सुटी झालेलं. उघडलेला श्लोक दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळीसावा.

बंड्या म्हणाला, "बघ, आजोबांनी पेन्सिलीने खूण केलीय. काम कर, फळ मागू नको. म्हणून मी ओव्हरटाइमचे पैसे मागणार नाहीये. तीन महिने झाले, विषय संपला."

"खूण कुठल्या चरणाखाली आहे?"

"अं... चौथ्या."

"आणि तू सांगतोयस पहिले दोन. कामावर तुझा अधिकार आहे, फळावर नाही. तिसरा सांगतो, फळ हाच हेतू ठेवून काम करू नको. चौथा काय म्हणतो?"

"काम न करण्याचाही आग्रह धरू नको."

"टिळक या चार चरणांना कर्मयोगाची चतुःसूत्री म्हणतात. एक चरण वाचून जी शंका येते, ती पुढचा चरण दूर करतो. फळाची आशा सोड म्हटल्यावर माणूस कामच सोडेल, म्हणून चौथा. आणि हे कोणाला सांगितलंय? धनुष्य खाली ठेवून बसलेल्या अर्जुनाला."

"पण मी काम कुठे सोडलंय? रात्री दोनपर्यंत जागतो!"

"मागणी करणं हेही कामच आहे. ते तू सोडलंयस."

बंड्या जरा थांबला. "थांब हं. पैसे हे फळ. ते मिळावेत म्हणून मागायचं, म्हणजे तिसरा चरण मोडला की!"

"हा मुद्दा बरोबर आहे," ताई म्हणाली. "पण अधिकार म्हणजे इथे कोर्टातला हक्क नाही. तुझ्या हातात काय आहे, ती कक्षा. तास मोजून मेल लिहिणं तुझ्या हातात. मंजुरी नाही. ठरलेला मोबदला मागणं तुझं कर्तव्य असेल तर ते कर, उत्तर काहीही येवो. आणि हा श्लोक काम करणाऱ्याने स्वतःला सांगायचा असतो. पगार देणाऱ्याने दुसऱ्याला ऐकवायचा नसतो."

"म्हणजे साहेबांनी मीटिंगमध्ये हाच श्लोक म्हटला, ते..."

"ते अर्धाच श्लोक म्हणाले."

बंड्याने मोबाइल काढला. एकोणीस रात्री, तारखांसकट, मेल तयार. पाठवून टाकला. दोन मिनिटांत पुन्हा इनबॉक्स उघडला.

"हे काय?" ताई हसली.

"तिसरा चरण," बंड्या म्हणाला. "मेल पाठवणं सोपं होतं. हा अवघड आहे."

"मग आजोबांनी तिथे खूण का नाही केली?"

"त्यांना चौथा अवघड जात असेल."

मंडळी, गीतारहस्य मंडालेच्या तुरुंगात लिहिलं गेलं आणि 1915 मध्ये छापून आलं. तुमच्या घरात एखादी प्रत असेल तर हा श्लोक उघडा, आणि चारही चरण वाचा. भेटू पुढच्या भागात.