अंदाज आणि खर्च यांच्यामधली रक्कम

ऑगस्ट-सप्टेंबर हे महिने गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि ३० सप्टेंबरच्या आत ही सभा घ्यावी लागते. सभेच्या निमित्ताने ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचं पत्रक आपल्या हातात पडतं. बहुतेक जण शेवटची बेरीज बघतात आणि कागद बाजूला ठेवतात. आज मी त्या बेरजेच्या आधीच्या ओळींविषयी बोलणार आहे. वर्षाच्या सुरुवातीला आपण खर्चाचा जो अंदाज मंजूर केला, आणि वर्षअखेर जो खर्च झाला, त्यांत फरक का पडतो आणि तो कसा वाचायचा, एवढाच आजचा विषय.

कायद्यानं ठरवून दिलेल्या ‘एन’ नमुन्यात हिशेब मांडताना शेजारी मागच्या वर्षाचे आकडे येतात, अंदाजपत्रकाचे येत नाहीत. त्यामुळे सभेत तुलना होते ती गेल्या वर्षाशी. खर्च वाढलेला दिसला की समिती म्हणते, महागाई वाढली. हे उत्तर खोटं नसतं, पण त्यातून काहीच कळत नाही. किती रक्कम भाव वाढल्यामुळे गेली आणि किती वापर वाढल्यामुळे, हे वेगळं केल्याशिवाय पुढच्या वर्षी काय करायचं ते ठरवता येत नाही.

समजण्यासाठी एक सोसायटी डोळ्यांसमोर आणू. पुण्याच्या उपनगरातली, ४० सदनिकांची. सन २०२४-२५ साठी तिनं २४ लाख रुपये खर्चाचा अंदाज मंजूर केला. प्रत्यक्षात खर्च दिसतो २४ लाख ६० हजार. साठ हजारांचा फरक, म्हणजे अडीच टक्के. वर्गणी, व्याज वगैरे मिळून उत्पन्न २४ लाख ७० हजार, त्यामुळे दहा हजार शिल्लकही दिसते. सभेत कुणी प्रश्न विचारणार नाही असाच हा हिशेब आहे. पण ओळीओळीनं पाहिलं तर चित्र निराळं आहे. टँकरच्या पाण्यावर अंदाजापेक्षा १ लाख ८६ हजार जास्त गेले आहेत. विजेवर ४२ हजार जास्त. दुरुस्तीवर मात्र १ लाख ६० हजार कमी. बाकीच्या किरकोळ बाबींत मिळून आठ हजार कमी. मोठे फरक एकमेकांना झाकतात आणि खाली साठ हजारांचा निरुपद्रवी आकडा उरतो.

आधी टँकर घेऊ, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. अंदाज होता ३०० टँकरचा, प्रत्येकी १२०० रुपये, म्हणजे ३ लाख ६० हजार. प्रत्यक्षात आले ४२० टँकर आणि सरासरी दर पडला १३००. झाले ५ लाख ४६ हजार. आता हा फरक फोडायचा. जास्तीचे १२० टँकर जुन्या, म्हणजे १२०० च्या दरानं मोजले तर १ लाख ४४ हजार. आणि दर शंभर रुपयांनी वाढला, तो सगळ्या ४२० टँकरना लावला तर ४२ हजार. दोन्हींची बेरीज बरोबर १ लाख ८६ हजार येते. म्हणजे महागाईचा वाटा ४२ हजारांचाच. उरलेले १ लाख ४४ हजार जास्त पाणी घेतल्यामुळे गेले. दर सोसायटीच्या हातात फारसा नसतो. पाणी किती लागतं, हे मात्र शोधून काढता येतं.

शोधायचं कुठे? वॉचमनच्या केबिनमध्ये टँकरची वही असते. तारीख, वेळ, गाडी नंबर आणि सही. खजिनदारांनी वर्षाची बिलं एकत्र न बघता ही वही महिन्यावार मांडायला हवी. आपल्या उदाहरणात एप्रिल ते ऑगस्टचे टँकर अंदाजाइतकेच आहेत. सप्टेंबरच्या मध्यापासून वाढ सुरू होते आणि पुढे दर महिन्याला सुमारे अठरा टँकर जास्त येत राहतात, अगदी थंडीतसुद्धा. उन्हाळ्यामुळे पाणी जास्त लागलं असतं तर वाढ एप्रिल, मे आणि मार्च या महिन्यांत दिसली असती. भाडेकरू वाढले असते तर तशी नोंद सोसायटीकडे असती. एका ठरावीक दिवसापासून सुरू होऊन रोज सारख्याच प्रमाणात होणारी वाढ बहुधा गळतीची असते.

ती तपासायला फार खर्च लागत नाही. रात्री दहाला जमिनीखालच्या टाकीत येणाऱ्या पाण्याचा वॉल्व्ह बंद करायचा, पंप बंद ठेवायचा, आणि टाकीच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीशी खूण करायची. सकाळी सहाला पुन्हा पातळी मोजायची. टाकी पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद असेल आणि पातळी दहा सेंटिमीटर उतरलेली असेल, तर आठ तासांत दोन हजार लिटर पाणी जमिनीत गेलं. दिवसाला सहा हजार लिटर. महिन्याला १ लाख ८० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे अठरा टँकर. वहीतली वाढ आणि टाकीतली घट जुळली. टाकी भरलेली असताना गळती जास्त होते, रिकामी होत जाते तशी कमी, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे. पण भेग शोधायला माणूस बोलवायचा की नाही हे ठरवायला तो पुरेसा आहे. हीच तपासणी सप्टेंबरअखेर झाली असती तर या रकमेतला फार मोठा भाग वाचला असता. म्हणून माझं ठाम मत आहे की अंदाज आणि खर्च यांची तुलना वर्षातून एकदा करून भागत नाही. पाणी आणि वीज या दोन बाबी तरी समितीच्या दर महिन्याच्या बैठकीत बघितल्या पाहिजेत.

आता दुरुस्तीकडे वळू. अंदाज तीन लाखांचा, खर्च १ लाख ४० हजार. समितीच्या अहवालात याला काटकसर म्हटलेलं असतं. इथे एक साधा प्रश्न विचारावा: जे काम ठरलं होतं ते झालं का? आपल्या सोसायटीत गच्चीचं वॉटरप्रूफिंग मार्चमध्ये पूर्ण झालं, ठेकेदाराचं दीड लाखाचं बिल एप्रिलमध्ये आलं, आणि पैसे मे महिन्यात दिले. हिशेब लिहिणाऱ्यानं चेक ज्या महिन्यात गेला त्या महिन्यात खर्च धरला. पण काम मार्चमध्ये झालं, म्हणजे सोसायटीचं देणं मार्चमध्येच तयार झालं. ३१ मार्चच्या ताळेबंदात ते ‘देणे खर्च’ म्हणून यायला हवं होतं आणि खर्चाच्या पत्रकात दीड लाख दिसायला हवे होते. काम झालंच नसतं तर गोष्ट निराळी. तेव्हा तो खर्च पुढे ढकलला असं स्पष्ट लिहावं. दोन्ही परिस्थितींत ‘बचत’ हा शब्द चुकीचा. हे ओळखायचं असेल तर चालू वर्षातली एप्रिल आणि मेची व्हाउचर मागून बघावीत आणि बिलावर काम कोणत्या काळातलं लिहिलं आहे ते वाचावं. आपल्या संस्थेचे हिशेब पाहण्याचा हक्क सभासदाला कायद्यानं दिलेला आहे; तो मागताना संकोच करू नये.

विजेचं कारण आणखी वेगळं आहे. ४२ हजारांच्या वाढीतले ३८ हजार ही वीज नाहीच. महावितरण वर्षातून एकदा ग्राहकाच्या सरासरी वापराचा आढावा घेतं आणि आधीची सुरक्षा ठेव कमी पडत असेल तर जादा ठेवीचं वेगळं बिल पाठवतं. ती ठेव असते. तिच्यावर व्याज मिळतं आणि जोडणी बंद केली तर ती परत मिळते. म्हणून ती ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला ठेव म्हणून जायला हवी. पण बिल महावितरणचं, म्हणून ते वीजखर्चाच्या खात्यात टाकलं जातं. हे मी इतक्या हिशेबांत पाहिलेलं आहे की वीजखर्च एकाच महिन्यात उसळलेला दिसला तर आधी ते बिल उघडून बघा, असंच सांगेन. सामाईक दिवे, पंप आणि लिफ्ट यांचा खरा वाढीव खर्च इथे फक्त चार हजारांचा आहे.

आता या दोन दुरुस्त्या करून पुन्हा बेरीज करू. २४ लाख ६० हजारांत गच्चीचे दीड लाख मिळवायचे आणि ठेवीचे ३८ हजार वजा करायचे. खरा खर्च येतो २५ लाख ७२ हजार. अंदाजापेक्षा साठ हजार नव्हे, १ लाख ७२ हजार जास्त. आणि जिथे दहा हजारांची शिल्लक दिसत होती तिथे १ लाख २ हजारांची तूट आहे. या तुटीत सगळ्यात मोठा वाटा त्या गळक्या टाकीचा आहे. अशी तूट भरून काढायला काही ठिकाणी सिंकिंग फंडाला हात लावतात. तो निधी इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेला असतो, आणि तो वापरायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. टँकरची बिलं त्यातून भागवणं सर्वस्वी चूक आहे.

हे सगळं मागच्या वर्षाचं झालं, मग आता त्याचं काय, असं कुणाला वाटेल. त्याचं उत्तर पुढच्या अंदाजपत्रकात आहे. पुष्कळ ठिकाणी मागच्या खर्चात दहा टक्के मिळवून नवा अंदाज करतात. तसं केलं तर टँकरसाठी जवळपास ६ लाख रुपये धरले जातील, म्हणजे गळतीसुद्धा मंजूर होईल. टाकी दुरुस्त करून ३०० टँकर आणि नवा दर १३०० धरला तर लागतील ३ लाख ९० हजार. हा दोन लाखांहून अधिकचा फरक ४० सदनिकांवर वाटला तर प्रत्येक घरामागे दरमहा सुमारे ४४० रुपये येतात. एखाद्या निवृत्त जोडप्याला मेंटेनन्समधले हे ४४० रुपये जाणवतात.

वार्षिक सभेची नोटीस निदान १४ दिवस आधी द्यावी लागते. समितीतल्या मंडळींना माझी विनंती आहे की त्या नोटिशीसोबत एक जादा पान जोडा. ज्या बाबींत अंदाज आणि खर्च यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आहे, तेवढ्याच बाबी घ्या. कमी झालेला खर्चही त्यात घ्या. प्रत्येकीसमोर दर बदलला, वापर बदलला, बिल दुसऱ्या वर्षात गेलं की खातं चुकलं, यातलं नेमकं कारण रकमेसह लिहा. आणि सभासदहो, ते पान आलं नाही तर सभेची वाट न पाहता सेक्रेटरींना लेखी पत्र देऊन ते मागा, म्हणजे खजिनदारांना वह्या काढून नीट उत्तर तयार करायला वेळ मिळेल.