पासबुकात पैसे जास्त कसे?

मार्चअखेरीला राजूरच्या आमच्या बचत गटाच्या रोकड वहीत बँकेतली शिल्लक १८,४०० रुपये होती. पासबुक भरून आणलं, तर त्यात २१,४९४. फरक ३,०९४ रुपयांचा. जास्त निघाले तरी कुजबुज झालीच, आणि बोट आधी सचिवताईंकडेच गेलं.

मग आम्ही अकरावीच्या पुस्तकातला बँक जुळवणी पत्रकाचा धडा काढला. एकीने वही वाचायची, दुसरीने पासबुकात तीच रक्कम शोधून दोन्हीकडे पेन्सिलीने टिक करायची. टिक न झालेल्या तीनच नोंदी उरल्या. डाळमिलवाल्याला दिलेला ३,००० चा चेक त्याने अजून बँकेत टाकलाच नव्हता, म्हणून पासबुकात शिल्लक जास्त दिसत होती. व्याजाचे २१२ बँकेने जमा केलेले, ११८ शुल्क कापलेलं. दोन्ही वहीत नव्हते.

आता मांडा. १८,४०० मध्ये ३,००० आणि २१२ मिळवले की २१,६१२. त्यातून ११८ वजा केले की २१,४९४. जुळलं!

इथे एक चूक हमखास होते. व्याज आणि शुल्क वहीत चढवायचं, म्हणजे शिल्लक १८,४९४ होते. चेकची नोंद मात्र पुन्हा करायची नाही, ती आधीच झालेली आहे. पासबुकातले ते ३,००० आपले समजून कर्जाला वाटले, तर चेक परत जाईल. चेकची मुदत तारखेपासून तीन महिने असते. तेवढ्यात वटला नाही, तर नवा द्यायचा आणि जुना वहीत रद्द दाखवायचा.

सचिवताईंनी पेन्सिलीच्या टिका अजून खोडलेल्या नाहीत.