पार्लरला जीएसटी लागतो का? आधी वही उघडा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं. ज्या तायांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



मागच्या महिन्यात आपल्याच एका गटातल्या ताईंचा मला संध्याकाळी फोन आला. त्यांचं बाजारपेठेत छोटं पार्लर आहे, दोन खुर्च्यांचं. त्या म्हणाल्या, "मॅडम, उद्या साडेतीन हजार रुपये द्यायचेत. एकजण आला होता, तो म्हणतो तुमच्या खात्यावर फोन-पेचे एवढे पैसे येतात, म्हणजे तुम्हाला जीएसटी नंबर काढावाच लागेल. नाहीतर नोटीस येईल. आणि पुढे दर महिन्याला त्याचे सातशे."

खरं सांगते, मी पण तेव्हा म्हटलं, "हो, यूपीआयने पैसे येतात म्हणजे काढावा लागेल बहुतेक." ही माझी चूक होती. रात्री मी नियम नीट वाचले आणि सकाळी लवकर फोन करून त्यांना थांबवलं. मग आम्ही दोघी त्यांची वही घेऊन बसलो. त्या दिवशी जे कळलं, तेच आज तुम्हाला सांगते.

ज्याला आपल्याकडे अजून सेल्स टॅक्स म्हणतात, त्याच्या जागी १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. पार्लर म्हणजे सेवा. आपल्या महाराष्ट्रात सेवा देणाऱ्या व्यक्तीची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली, तर नोंदणी करावी लागते. ४० लाखांचा आकडा पण तुम्ही ऐकला असेल. तो फक्त वस्तू विकणाऱ्यांसाठी आहे. पार्लरमध्ये सेवा आहेच, सोबत क्रीम-पावडर विकत असलात तरी. म्हणून आपल्यासाठी मर्यादा २० लाखांचीच.

पैसे रोख आले की मोबाईलवर, याने मर्यादा बदलत नाही. क्यूआर कोड लावला म्हणून नोंदणी लागत नाही, आणि रोखीत घेतले म्हणून सुटत पण नाही.

आता 'उलाढाल' म्हणजे काय, इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. उलाढाल म्हणजे नफा नाही. भाडं, लाईट बिल, सामान, मदतनीस मुलीचा पगार वजा करण्याआधी गिऱ्हाइकाकडून जे काही येतं ते सगळं. म्हणजे पूर्ण गल्ला. वर्ष धरायचं १ एप्रिल ते ३१ मार्च. आणि ही बेरीज दुकानाची नाही, तुमच्या पॅन कार्डाची असते. तुमच्या नावावर पार्लर असेल, घरी ब्लाऊज शिवत असाल, गाळ्याचा अर्धा भाग दुसऱ्याला भाड्याने दिला असेल, तर ते सगळं एकत्र मोजायचं. कुंकू, टिकली, काचेच्या बांगड्या यांवर जीएसटी नाही, पण त्यांच्या विक्रीचे पैसे या बेरजेत येतातच. मालकांचा धंदा त्यांच्या पॅनवर असेल, तर तो त्यांचा वेगळा.

आता त्या ताईंचा हिशोब बघा. पार्लरचं रोजचं काम, म्हणजे आयब्रो, फेशियल, केस कापणं, हे महिन्याला सरासरी ३२,००० रुपये. बारा महिन्यांचे झाले ३,८४,०००. लग्नसराईत नवरीची २४ कामं झाली, सरासरी ६,५०० रुपयांची, त्याचे १,५६,०००. सौंदर्यप्रसाधनांची विक्री महिन्याला ७,०००, वर्षाची ८४,०००. मुलींचे दोन क्लास घेतले, प्रत्येकात आठ मुली, फी ५,०००, त्याचे ८०,०००. ब्लाऊज शिलाई महिन्याला ४,०००, वर्षाचे ४८,०००. सगळं मिळून ७,५२,००० रुपये. वीस लाखांच्या निम्मे पण नाहीत! त्यांना नोंदणीची गरजच नव्हती.

मग तो माणूस कशावरून बोलत होता? त्याने पासबुक बघितलं होतं. खात्यावर वर्षभरात ८,९८,००० जमा दिसत होते. पण त्यात धंद्याचे यूपीआयने आलेले ५,२०,००० होते. बाकीचे गटाच्या कर्जाचे १,५०,०००, मालकांनी पाठवलेले दुधाचे १,६८,००० आणि भिशीचे ६०,०००. कर्ज, घरातून आलेले पैसे, भिशी ही उलाढाल नाही. उलट धंद्याचे २,३२,००० रोखीत आले होते, ते पासबुकात कुठेच नव्हते. म्हणजे पासबुक एकीकडे जास्त दाखवत होतं आणि दुसरीकडे कमी. खरं काय ते फक्त वहीत होतं.

जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात अनेक छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटी खात्याच्या नोटिसा आल्या होत्या. अशा वेळी "यातले एवढे पैसे धंद्याचे नाहीत" हे आपणच दाखवायचं असतं. म्हणून धंद्यासाठी एक वेगळं खातं ठेवा आणि दुकानातला क्यूआर कोड त्याच खात्याचा लावा. गटाचं कर्ज, भिशी, घरचे पैसे दुसऱ्या खात्यात घ्या.

काही तायांनी विचारलं, "मग काढूनच ठेवला नंबर तर काय बिघडलं?" काढता येतो, बंदी नाही. पण एकदा नंबर घेतला की उलाढाल कमी असली तरी पहिल्या रुपयापासून कर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्लरच्या सेवेवर हा कर ५ टक्के आहे, आधी १८ होता. आपल्या ताईंचं पार्लर आणि नवरीचं काम मिळून ५,४०,००० होतं. त्याचे ५ टक्के म्हणजे वर्षाला २७,००० रुपये. हे गिऱ्हाइकाकडून वर घ्यायचे, नाहीतर स्वतःच्या कमाईतून द्यायचे. या ५ टक्क्यांत सामान घेताना भरलेला जीएसटी वजा करून मिळत नाही. शिवाय रिटर्न भरावं लागतं, एखाद्या वेळी काहीच धंदा झाला नसला तरी. असं शून्याचं रिटर्न चुकलं तरी दिवसाला २० रुपये विलंब शुल्क चढत जातं. आणि त्या माणसाचे महिन्याला सातशे, म्हणजे वर्षाचे ८,४०० वेगळेच.

उलट जिची उलाढाल खरंच वाढते आहे, तिने झोपून राहू नये. दर महिन्याच्या शेवटी वहीत एप्रिलपासूनची चालू बेरीज लिहा. १५ लाखांच्या पुढे गेली की माझ्याकडे या. २० लाखांची रेषा ओलांडली की ३० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. "मार्च संपल्यावर बघू" असं चालत नाही. अर्ज gst.gov.in वर होतो आणि त्याला सरकारी फी काहीच नाही. पॅन, आधार, फोटो, बँकेचं पासबुक आणि जागेचा पुरावा लागतो. लाईट बिल मालकांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल, तर त्यांचं संमतीपत्र जोडायचं.

आता बिलाचं. नोंदणी नसली तरी बिल देता येतं, आणि द्यावं. नवरीच्या कामात ॲडव्हान्सवरून वाद होतात, ते बिलाने मिटतात. बँकेत कर्जाला गेलं की धंद्याचा पुरावा म्हणून पण हेच बिलबुक दाखवता येतं.

स्टेशनरीच्या दुकानात साधं दोन प्रतींचं बिलबुक मिळतं. वर शिक्का मारा: पार्लरचं नाव, पत्ता, मोबाईल नंबर. मग बिल नंबर, तारीख, गिऱ्हाइकाचं नाव. खाली काम, नग, दर, रक्कम. शेवटी एकूण, मिळालेले, बाकी, पैसे रोख की यूपीआयने, आणि सही. नंबर १ एप्रिलला एकपासून सुरू करा आणि ओळीने चालवा. बिल चुकलं तर फाडून टाकू नका. दोन्ही प्रतींवर 'रद्द' लिहून बुकातच ठेवा, म्हणजे मधला नंबर गायब दिसत नाही.

त्या ताईंचं नवरीचं एक बिल असं होतं. नवरीचा मेकअप ६,०००. केशरचना ८००. साडी नेसवणे ४००. मेंदी १,५००. करवल्यांचा मेकअप, २ नग, दर ९००, रक्कम १,८००. एकूण १०,५००. सूट ५००. देय १०,०००. ॲडव्हान्स मिळाला ३,०००, बाकी ७,०००. एवढंच. ॲडव्हान्स घेतला त्या दिवशी ३,००० ची वेगळी पावती दिली होती, तिचा नंबर आणि तारीख या बिलात लिहिली.

तीस-चाळीस रुपयांच्या आयब्रोला प्रत्येकीला बिल करत बसू नका. मागितलं तर द्या. पण रात्री दुकान बंद करताना वहीत एक ओळ लिहाच: आज रोख किती, यूपीआय किती, एकूण किती.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. नंबर नसताना बिलावर 'जीएसटी' किंवा 'टॅक्स इन्व्हॉइस' असे शब्द लिहू नका आणि कराच्या नावाने एक रुपया पण घेऊ नका. त्या ताईंना एका लग्नाच्या कार्यक्रमवाल्याने म्हटलं होतं, "बिलात पाच टक्के जीएसटी दाखवा, आम्हाला लागतं." नोंदणी नसताना कर गोळा करायला कायद्याने मनाई आहे. घेतला तर तो सरकारजमा करावा लागतो आणि वर दंड होऊ शकतो. दुसऱ्याचा नंबर उसना घेऊन टाकणं तर त्याहून वाईट. सरळ सांगा, "माझी उलाढाल वीस लाखांच्या आत आहे, म्हणून माझी नोंदणी नाही. हे साधं बिल घ्या."

पुढच्या सभेला पार्लरवाल्या तायांनी एप्रिलपासूनची वही आणि पासबुक घेऊन या. आपण प्रत्येकीची बेरीज करू, तिच्या समोर बसून. ज्यांच्याकडे वही नाही, त्यांनी आज रात्रीपासून ती एक ओळ लिहायला घ्या. आणि त्या ताईंनी साडेतीन हजारांचं काय केलं विचाराल, तर त्यांनी नवीन स्टीमर घेतला. त्याचं बिल पण फाईलला लावलं आहे.