विडालचा कागद आणि रक्ताची बाटली



विशीतला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. पाच दिवस ताप आहे आणि रोज संध्याकाळी तो आदल्या दिवसाहून थोडा वर चढतो. डोकं दुखतं, जिभेवर पांढरा थर आहे, जेवण नकोसं झालंय. जुलाब मात्र नाहीत, उलट पोट साफ होत नाही. घरचे विचारतात, पोट बिघडलेलं नाही, मग टायफॉइड कसा?

टायफॉइडचे जंतू, म्हणजे साल्मोनेला टायफी, दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातात, पण आतड्यात थांबत नाहीत. लहान आतड्याची भिंत ओलांडून ते यकृत, प्लीहा आणि हाडांतल्या मगजापर्यंत पोचतात आणि तिथल्या पेशींत वाढतात. आठ-पंधरा दिवस हे निमूट चालतं. मग ते रक्तात उतरतात आणि ताप सुरू होतो. हिवताप, डेंग्यूचीही सुरुवात अशीच होऊ शकते, त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून निदान करणं अवघड.

आपल्या मुलाची तिसऱ्याच दिवशी विडाल चाचणी झाली होती आणि ती पॉझिटिव्ह आली. १८९६ साली आलेली ही चाचणी जंतू शोधत नाही, त्यांच्याविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं मोजते. ही प्रतिपिंडं बहुधा पहिला आठवडा सरताना वाढू लागतात. तिसऱ्या दिवशीची ‘पॉझिटिव्ह’ पूर्वी होऊन गेलेल्या टायफॉइडची किंवा दुसऱ्याच एखाद्या तापाची असू शकते. खऱ्या रुग्णात ती निगेटिव्हही येते. एकट्या विडालवर औषध सुरू करण्याची आपल्याकडची सवय मला तरी मान्य नाही.

जंतू प्रत्यक्ष दाखवते ती ब्लड कल्चर. रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून उबेत ठेवतात. टायफी असेल तर बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत वाढ दिसते. अडचण अशी, की एक मिलिलिटर रक्तात जेमतेम एखादा जंतू असतो, कधी तोही नाही. म्हणून मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर रक्त घ्यावं लागतं, तेही प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी. एवढं करूनही शंभरातल्या साधारण साठच रुग्णांत जंतू सापडतो. तेव्हा कल्चर निगेटिव्ह आली म्हणून टायफॉइड नाही, असं ठरत नाही.

तरीही ती हवी, कारण जंतू हाती आला की कोणतं औषध त्याला मारतं हे तपासता येतं. एकेकाळी हमखास लागू पडणारं सिप्रोफ्लॉक्सासिन आज भारतात बहुतेक वेळा निकामी ठरतं. पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६पासून सेफ्ट्रायॅक्सोनलाही दाद न देणारा टायफॉइड पसरला. शिवाय योग्य औषधावरही ताप उतरायला चार-सहा दिवस लागतात. रिपोर्ट हाती असला, तर तिसऱ्या दिवशी घाबरून औषध बदलण्याची वेळ येत नाही.

तीन-चार दिवसांत ताप उतरला नाही, तर घरात उरलेल्या गोळ्या घेऊ नका. पहिल्या गोळीआधी डॉक्टरांना विचारा, ब्लड कल्चर करायची का?